‘परिसरात उलटसुलट चर्चा’

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

मागच्या आठवड्यात एका तालुक्याच्या वार्ताहराने बातमी पाठवली. घरात घुसून चोरी, महिलेला मारहाण, दागिने लंपास. पोरगं नवीन आहे, चांगलं लिहितं, धावपळ करतं. बातमीची पहिली ओळ होती, ‘एकटी राहणाऱ्या ४१ वर्षीय अविवाहित महिलेच्या घरात’ वगैरे. आणि शेवटची ओळ होती, ‘या घटनेमुळे परिसरात उलटसुलट चर्चा सुरू आहे.’

मी ‘एकटी राहणाऱ्या’ काढलं, ‘अविवाहित’ काढलं आणि शेवटची अख्खी ओळ काढली. बातमी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. “ताई, काढलं कामून? खोटं थोडंच होतं. ती एकटीच राहते अन् लग्न झालेलं न्हाई.”

मी म्हटलं, चोरी लग्न झालेल्यांच्या घरातही होते. तो हसला, पण त्याचं समाधान झालं नाही हे मला फोनवरही कळलं. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. दोन्ही शब्द खरे होते. खऱ्या शब्दांनी काय होतं ते मला त्याला पाच मिनिटांत सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

ती शेवटची ओळ मी त्याच्याआधी, २००८ साली लिहिली होती.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. पत्रकारितेचा डिप्लोमा करून तीन-चार वर्षं झाली होती आणि जिल्ह्यात बातमीदारी करणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे मला जरा जास्तच शिंगं फुटली होती. जिल्ह्यातल्या एका गावात आरोग्य उपकेंद्रावर एक एएनएम होती. वय ३८, लग्न केलेलं नाही. (तिला विचारून लिहितेय. गाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत.) उपकेंद्राचं क्वार्टर गळायचं, म्हणून ती गावात एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची.

आता उपकेंद्राची नर्स म्हणजे काय ते शहरातल्या मित्रांसाठी सांगते. साधारण पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, बीपी-वजन, गोळ्या, आणि आली वेळ तर बाळंतपण. १०८ची ॲम्ब्युलन्स आपल्या राज्यात २०१४ला आली. त्याच्या आधी रात्री दोन वाजता सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या की सासरा किंवा नवरा मोटारसायकल काढायचा आणि नर्सबाईच्या दारावर थाप मारायचा. ती पिशवी घेऊन त्याच्या मागे बसून जायची. पहाटे कोणीतरी आणून सोडायचं. म्हणजे गावातल्या प्रत्येक घरातला पुरुष कधी ना कधी रात्री तिच्या दारात उभा राहिलेला. ते तिचं कामच होतं.

जून महिना होता. रात्री साडेअकराच्या सुमारास दारावर थाप. तिने विचारलं, कोण? बाहेरून आवाज आला, “सिस्टर, पेशंट हाय.” आवाज ओळखीचा वाटला. तरी तिला शंका आली, कारण नाव सांगेना. तिने दार उघडलं नाही. मग धक्के सुरू झाले. दाराला मधली एकच कडी होती. जुन्या लाकडातले स्क्रू उपटून आले. आत आलेला माणूस प्यालेला होता. तिने स्टोव्हजवळचा तांब्या त्याच्या तोंडावर मारला आणि ओरडली. घरमालक आला, शेजारी आले, तो पळाला. गावातलाच होता, ओळखीचा होता, घरचा बरा होता.

दुसऱ्या दिवशी तिने पोलिसात जाऊन फिर्याद दिली. कलम ३५४ आणि ४५२. विनयभंग आणि घरात घुसणं. मी दुपारी ठाण्यात गेले, माहिती घेतली, बाहेर टपरीवर चहा प्यायला थांबले. आमचेच दोन-तीन पत्रकार बंधू होते. एकजण म्हणाला, विनय असेल तर भंग होणार ना. सगळे हसले. मी हसले नाही. पण उठूनही गेले नाही.

संध्याकाळी बातमी लिहिली. ‘एकटी राहणाऱ्या अविवाहित परिचारिकेचा विनयभंग’. नाव छापलं नाही, तेवढं डिप्लोमाला शिकवलं होतं. पण गावाचं नाव दिलं, ‘उपकेंद्रातील’ असं दिलं, वय दिलं. गावात उपकेंद्र एक आणि परिचारिका एक. नाव लपवून मी काय लपवलं होतं? पुढे २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की पीडितेचं नुसतं नाव गाळून भागत नाही, तिची ओळख पटेल असं काहीच छापता येणार नाही. तो निकाल बलात्कार आणि बालअत्याचाराच्या प्रकरणांबद्दल होता. विनयभंगाच्या बातमीत आजही आमच्यापैकी कितीजण हा विचार करतात ते तुम्ही रोज वाचताच.

आणि शेवटी ती ओळ टाकली. ‘या घटनेमुळे परिसरात उलटसुलट चर्चा सुरू आहे.’

खरं सांगते, मी त्या परिसरात गेलेही नव्हते. कोणाचीही चर्चा ऐकली नव्हती. टपरीवरचा तो एक विनोद सोडला तर चर्चा नव्हतीच. ही ओळ आम्ही सवयीने टाकतो, जशी अपघाताच्या बातमीत ‘हळहळ व्यक्त होत आहे’ टाकतो तशी. दरोड्यात टाकत नाही, वीज पडून बैल मेला तर टाकत नाही. बाई असली आणि तिच्यामागे पुरुषाचं नाव नसलं की बोटं आपोआप टाइप करतात. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आणखी काहीतरी आहे, पण पेपरवाल्याला उघड लिहिता येईना. पेपरवालीकडे तर काहीच नव्हतं.

बातमी सकाळी गावात पोचली आणि चर्चा खरोखर सुरू झाली. पाराखाली पेपर वाचला गेला. तिच्याकडे रात्री कोण कोण यायचं याची यादी सुरू झाली आणि ती यादी खरी होती, कारण गावातल्या बाळंतपणांची यादी तीच होती. ज्यांच्या घरची लेकरं तिच्या हातावर जन्मली तेच म्हणाले, रात्री-बेरात्री माणसं येतात हे तर आम्हीबी पाहिलंय. आठ दिवसांत घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. भला माणूस होता, त्या रात्री तोच धावत आला होता. त्याचं म्हणणं एवढंच, पेपरात आलंय, आता आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत.

तिने बदलीचा अर्ज दिला. केस दीड-दोन वर्षांनी उभी राहिली. उलटतपासणीत वकिलाने तिला पहिला प्रश्न विचारला तो त्या रात्रीबद्दल नव्हता. ‘तुमचं लग्न का झालं नाही?’ हा होता. दुसरा, रात्री पुरुषांसोबत मोटारसायकलवर जायच्या हे खरं आहे का? ती हो म्हणाली, कारण ते खरं होतं. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर तिने सांगितलं की अंधार होता, आरोपीला नीट ओळखता आलं नाही. तो सुटला.

मी तेव्हा कोर्टात नव्हते. फितूर झाली, असं कोणीतरी सांगितलं आणि मी मनात म्हटलं, बघा, आम्ही बातमी लावायची आणि यांनी मागे फिरायचं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण तो प्रश्न वकिलाच्या डोक्यातून आपोआप आलेला नव्हता. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्यात एक पोटकलम होतं, १५५ (४). बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई ‘एकंदरीत अनैतिक चारित्र्याची’ आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा त्यात होती. २००२च्या दुरुस्तीने ते काढलं. म्हणजे सव्वाशे वर्षं वकिलांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. २०१३ला कलम ५३-अ आलं, त्यात विनयभंगही धरला. संमतीचा मुद्दा असेल तिथे बाईचं चारित्र्य किंवा तिचे आधीचे संबंध हा पुरावाच धरायचा नाही. आता नव्या साक्ष अधिनियमात ते ४८वं कलम आहे. पण तिची साक्ष झाली तेव्हा यातलं बरंच काही नव्हतं. आणि हे कलम चालतं ते कोर्टाच्या दाराच्या आत. टपरीवर ते लागू नाही, आणि बातमीच्या शेवटच्या ओळीलाही नाही.

एक जुनी केस मी नंतर वाचली. महाराष्ट्र शासन विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर. घटना १९६५ची, भिवंडीची. एक पोलीस इन्स्पेक्टर रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत गेला आणि तिच्याकडे शरीरसंबंधाची मागणी केली. तिने विरोध केला, आरडाओरडा झाला, लोक जमले. मग त्याने दारूबंदीचा छापा टाकल्याचा बनाव केला. खात्याने चौकशी करून त्याला नोकरीतून काढलं. प्रकरण हायकोर्टात गेलं. तिथे मुद्दा निघाला तो असा, की या बाईचे नवऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या माणसाशी संबंध आहेत आणि ती ते लपवतही नाही, मग अशा बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी घालवायची का? कारवाई रद्द झाली. १९९०ला सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. बाई कशीही असो, तिच्या घराच्या आत तिचा खासगीपणा आहे, वाटेल त्याला वाटेल तेव्हा तो मोडता येणार नाही, आणि केवळ ती ‘तशी’ आहे म्हणून तिची साक्ष फेकून देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

ती बाई अविवाहित नव्हती. तरी मला ही केस आपल्या नर्सबाईपेक्षा वेगळी वाटत नाही. एका रात्री एक माणूस कोणाच्यातरी दारात गेला. प्रश्न खरा त्याचा: कशाला गेला होतास? पण पंचवीस वर्षं चौकशी चालली ती दाराच्या आतल्या बाईची. आपली नर्सबाई ‘चांगली’ होती असं सिद्ध करण्यात म्हणूनच मला आता रस नाही. ती चांगली होती. नसती, तरी दार तिचंच होतं.

आता माझं.

आईवडील गेले, भाऊ पुण्याला. २०१६पासून मी हिंगोलीत एकटी राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही याचं उत्तर मी पूर्वी लांबलचक द्यायचे, आता देत नाही. पहिली खोली शोधताना सहा घरं पाहिली. पगाराची स्लिप, आधार, प्रेसचं कार्ड, सगळं घेऊन जायचे. भाडं किती, डिपॉझिट किती हे प्रश्न शेवटी यायचे. आधी, मिस्टर कुठे असतात? मग, भाऊ येणार का अधूनमधून? मग, सख्खा आहे ना?

एका ठिकाणी घरमालकीण फार गोड बोलल्या. चहा दिला, पोहे दिले. मग म्हणाल्या, “बाई, तुम्ही चांगल्याच असाल हो. पण आमच्या घरात वयात आलेली पोरं आहेत.” मी जिना उतरताना विचार करत होते. धोका पोरांना माझ्यापासून होता की मला पोरांपासून? पोरं बिघडलेली असतील तर खोली मी सोडायची, आणि सुधारलेली असतील तर त्यांना माझी भीती कशाची?

सहाव्या घरी जागा मिळाली. अकरा महिन्यांचा करार, शिवाय तोंडी अटी: नऊनंतर गेट बंद, पुरुष पाहुणे नाहीत. मतमोजणीच्या रात्री बातमीदार नऊला घरी येतो का? दसऱ्याचं प्रदर्शन रामलीला मैदानावर रात्री बारापर्यंत चालतं, तिथली बातमी मी कशी आणायची? तीन महिन्यांनी मालकांनी जिन्यात कॅमेरा लावला. म्हणाले, ताई, तुमच्या सेफ्टीसाठी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एकदा पाणी दोन दिवस आलं नाही म्हणून तक्रार करायला गेले, तर मला ऐकायला मिळालं की मंगळवारी सायंकाळी सात वाजता निळ्या शर्टवाला माणूस वर आला होता, चाळीस मिनिटं होता. तो वॉटर फिल्टर दुरुस्त करणारा होता. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, माझ्या दाराकडे होतं. चोर आला असता तर त्याची पाठ दिसली असती फक्त.

आधी पुरुष पाहुण्यांवरच नजर असायची. माझी कॉलेजची मैत्रीण नांदेडहून यायची, चार-चार दिवस राहायची, कोणाला काही वाटायचं नाही. उलट, बरं झालं सोबत आली म्हणायचे. २०१८ला ३७७चा निकाल आला, टीव्हीवर महिनाभर चर्चा झाल्या, आणि गल्लीला नवा शब्द मिळाला. पुढच्या वेळी ती आली तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारलं, “त्या पण लग्नाच्या राहिल्याच का?” पुरुष आला तर लफडं, बाई आली तर तसलं, कोणीच आलं नाही तर हिच्यात काहीतरी कमी असणार. तीन उत्तरं आधीच लिहून ठेवलेली आणि चौथी जागा रिकामी. आम्ही दोघींनी ठरवलं, खुलासा करायचा नाही. ‘तसं काही नाही हो’ म्हटलं तर ज्यांचं तसं आहे त्यांनी तोंड लपवायचं का? ती अजूनही येते.

(आपल्या जिल्ह्याचं मला नवल वाटतं. नर्सी आपल्याकडे, नामदेवांचं गाव म्हणून मिरवतो. जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. लग्न न केलेली बाई, परक्या घरात राहून दळणकांडण करत अभंग रचणारी. तिच्या नावाने आपण हात जोडतो. आज ती खोली बघायला आली तर पहिला प्रश्न काय विचारू, सांगा.)

हे सगळं सहन होतं. चिडचिड होते, पण माणूस मरत नाही. एका ठिकाणी मात्र या एका प्रश्नाने माझं पाऊण वर्ष खाल्लं, ते सांगते. बायांनी नीट वाचावं.

बेचाळिसाव्या वर्षी पाळीत रक्त फार जायला लागलं. आठ-दहा दिवस, गाठीच्या गाठी. जिना चढताना दम लागायचा. एका दवाखान्यात गेले. कागदावर नाव लिहिताना विचारलं, लग्न झालंय का? मी नाही म्हटलं. पुढे जे झालं ते सगळं त्या ‘नाही’वरून ठरलं. आतून तपासणी झाली नाही. सोनोग्राफी पोटावरून केली, भरपूर पाणी पाजून. रिपोर्टमध्ये विशेष काही नाही. रक्तवाढीच्या गोळ्या, रक्त थांबायच्या गोळ्या. तीन महिन्यांनी परत तेच. मग सल्ला मिळाला, “पिशवी काढून टाका ना ताई. तुम्हाला तरी ती काय करायची आहे?”

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा विषय गाजला तेव्हा मी त्यावर रकाना लिहिला होता. लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, असं सांगून त्यांच्या पिशव्या काढल्या म्हणून. मला लेकरं व्हायची नाहीत म्हणून काढा. म्हणजे पिशवी बाईची कधी नसतेच, आलेल्या किंवा न आलेल्या लेकरांची असते.

हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा मैत्रीण मला ओढत नांदेडला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं, मैत्रिणीला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, “याआधी शरीरसंबंध आलाय का? तपासणी कशी करायची तेवढ्यासाठी विचारते, हे कागदावर कोणाला दिसणार नाही. आणि आतून सोनोग्राफी केली तर तुम्हाला चालेल का?”

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिणार नाही. ते डॉक्टरांच्या कामाचं होतं, तुमच्या कामाचं नाही. पण फरक लक्षात घ्या. ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न आपल्याकडे ‘संबंध आलाय का’ याच्या जागी विचारतात, कारण दुसरा विचारायची लाज वाटते. उत्तर ‘नाही’ आलं की आतली तपासणी, आतली सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी, सगळं बहुतेक वेळा गाळलं जातं. ज्यांचा संबंध आलेला आहे त्यांची तपासणी राहते. ज्यांचा नाही, त्यांना तुमची संमती आहे का असं कोणी विचारतच नाही. दोन्हीकडून आजार आतच राहतो. आतून सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर एक लहान पॉलिप दिसला. पोटावरून तो निसटला होता. दुर्बिणीतून काढला, दुसऱ्या दिवशी घरी. गाठ तपासायला पाठवली, साधी निघाली. पिशवी शाबूत आहे.

तेव्हा बायांनो, लग्न झालंय का असं विचारलं आणि तपासणीतून काही गाळल्यासारखं वाटलं, तर आपणच विचारायचं: आतून बघायची गरज आहे का? मला चालेल किंवा चालणार नाही, हे मी सांगेन.

डॉक्टरांनाच बोल लावत नाही. कायद्याचीही भाषा तीच होती. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांनाच सांगता येत होतं. ते बदलून ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ व्हायला २०२१ उजाडलं. वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपातात अविवाहित बाईला वगळता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं २९ सप्टेंबर २०२२ला.

आणि सरकारचा कागद. २०२४च्या जून अखेरीस लाडकी बहीण योजनेचा जीआर आला. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या, निराधार. अविवाहित नव्हतीच. काही दिवसांनी सुधारणा झाली: कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला. मी सेवा केंद्रावर बातमीसाठी बसले होते. दोन बहिणी आल्या, पन्नाशीच्या आसपास, दोघी बिनलग्नाच्या, शिवणकाम करतात, रेशनकार्ड एकच. ऑपरेटर म्हणाला, एकीचाच भरा. दोघी बाजूला जाऊन बोलल्या. थोरली म्हणाली, हिचा भरा, हिला बीपीच्या गोळ्या आहेत. संजय गांधी योजनेत ३५ वर्षांवरची अविवाहित स्त्री बसते, पण ‘निराधार’ म्हणून. दोघी मशीन चालवून घर चालवतात. कोणाच्या आधाराने राहायला हवं होतं त्यांनी?

त्या बातमीनंतर मला नर्सबाई फार आठवायला लागली. मागच्या आठवड्यात त्या पोराचा फोन आला त्याच दिवशी मी नंबर शोधला. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, रिटायरमेंट जवळ आली. ओळख सांगितली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हो, आठवतंय.

मी म्हटलं, माझ्या बातमीमुळे तुमचं नुकसान झालं. माफी मागायला फोन केला.

ती म्हणाली, “बातमीत चुकीचं काहीच नव्हतं बाई. पण एक मला तेव्हापासून विचारायचं होतं. उलटसुलट म्हणजे काय? उलट काय होतं अन् सुलट काय होतं?”

मला सांगता आलं नाही.

मग तिनेच विषय बदलला. तुमचं लग्न? नाही केलं. मग एकट्याच राहता? हो. तिने विचारलं, दाराला कडी कुठं आहे? मी म्हटलं, मधे. म्हणाली, “एक वर पण बसवून घ्या. स्क्रू लांब सांगा, तीन इंची. लहान स्क्रू धक्क्यात उपटतात.”

रविवारी सुताराला बोलावलं. अर्धा तास होता. कॅमेऱ्यात दिसला असेल.